प्रकाश कुठून आला ते आधी पाहा

वहीतल्या आकृतीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्याखाली एक ओळ : ‘मॅडम, प्रतिमा कुठे येईल आणि विशालन किती?’ दहावीचा भिंगांचा धडा सुरू झाला की असे फोटो माझ्याकडे येऊ लागतात. आकृती पेन्सिलीने काढलेली असते. मधोमध एक आडवी रेषा, म्हणजे मुख्य अक्ष. त्यावर उभं भिंग. डावीकडे एक छोटा बाण, म्हणजे वस्तू. त्याच्या टोकापासून निघालेले दोन किरण भिंगातून वळून पलीकडे एका ठिकाणी भेटतात आणि तिथे दुसरा, उलटा बाण. अक्षावर ठिपके देऊन नाभींची नावं लिहिलेली, कोपऱ्यात ‘नाभीय अंतर १० सेमी’. फोटो बहुधा घाईत काढलेला असतो. वही एका बाजूने जवळ, दुसऱ्या बाजूने लांब, आणि शिवणीपाशी पान वर आलेलं.

अशा फोटोवरून प्रतिमेचं स्थान आणि विशालन अचूक काढता येतं. मात्र मुलं पहिला हात घालतात तो सूत्राला, आणि तिथेच घोळ होतो. सूत्रात आकडे टाकण्याआधी प्रत्येक आकड्याला चिन्ह द्यावं लागतं आणि ते चिन्ह आकृतीतूनच वाचायचं असतं. म्हणून फोटो उघडल्यावर मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते : किरणांवरची बाणाची खूण. प्रकाश कुठून निघाला आणि कुठे चालला आहे?

पाठ्यपुस्तकात वस्तू नेहमी भिंगाच्या डावीकडे असते आणि प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. त्यामुळे मुलांच्या डोक्यात नियम बसतो तो असा : डावीकडचं अंतर उणे, उजवीकडचं अधिक. पुस्तकातली आकृती समोर असेपर्यंत यावर काम भागतं. पण फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढला असेल, तर काही मोबाइल तो आरशातल्यासारखा उलटवून जपतात. कधी शिकवणीच्या नोट्समध्ये वस्तू मुद्दाम उजवीकडे काढलेली असते. अशा वेळी पाठ केलेला नियम सगळी चिन्हं उलटी देतो.

खरा नियम प्रकाशाच्या दिशेवर उभा आहे. अंतरं भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजायची आणि आरसा असेल तर त्याच्या ध्रुवापासून, म्हणजे आरशाच्या मधल्या बिंदूपासून. तिथून निघून येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने गेलात तर अंतर अधिक, प्रकाशाच्या विरुद्ध गेलात तर उणे. अक्षाच्या वरची उंची अधिक, खालची उणे. यालाच कार्टेशियन चिन्हसंकेत म्हणतात. आलेख कागदावर आरंभबिंदू धरून दोन्ही अक्षांवर अधिक-उणे मांडतो तीच ही पद्धत, फक्त इथे आडव्या अक्षाची दिशा प्रकाश ठरवतो.

एवढं धरलं की फोटो डावा-उजवा झाला तरी काहीच बिघडत नाही. वस्तू उजवीकडे असेल, तर प्रकाश उजवीकडून डावीकडे जातो आणि डावीकडची अंतरं अधिक होतात. फोटो पूर्ण उलटा, डोकं खाली असा आला तरी हरकत नाही : वस्तू ज्या बाजूला आहे ती अक्षाची ‘वरची’ बाजू मानायची. विशालन हे प्रतिमेची उंची आणि वस्तूची उंची यांचं गुणोत्तर असल्याने दोन्ही उंचींची चिन्हं एकदम उलटली तर गुणोत्तर तेच राहतं. किरणांवर बाण काढलेच नसतील, तर वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर निघालेला किरण शोधावा. तो ज्या बाजूने भिंगापर्यंत येतो ती प्रकाश येण्याची बाजू.

भिंग ओळखायचं तेही फोटोतूनच. बरीच मुलं भिंग नुसत्या उभ्या रेषेने दाखवतात. रेषेच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं बाहेर वळलेली असतील तर बहिर्वक्र भिंग, आत वळलेली असतील तर अंतर्वक्र. बहिर्वक्र भिंगावर समांतर आलेले किरण पलीकडे, प्रकाशाच्या दिशेने, नाभीत एकत्र येतात, म्हणून त्याचं नाभीय अंतर अधिक. अंतर्वक्र भिंग किरणांना पसरवतं. ते किरण मागे वाढवले तर वस्तूच्याच बाजूला भेटताना दिसतात, म्हणून त्याचं नाभीय अंतर उणे. फोटोत बाणाची टोकं पुसट झाली असली तरी समांतर किरण भिंगानंतर अक्षाकडे वळला की अक्षापासून दूर गेला हे पाहून भिंग ओळखता येतं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. अंतरं नुसती अंतरं म्हणून मोजली तर काय बिघडतं? समजा, चिन्हांशिवाय फक्त लांब्या घेऊन समरूप त्रिकोणांनी सूत्र काढलं. बहिर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा असेल, तर वस्तूच्या अंतराचा आणि प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त मिळवला की नाभीय अंतराचा व्यस्त मिळतो. तेच भिंग वस्तूच्या जवळ धरलं आणि आभासी प्रतिमा आली, तर मिळवण्याऐवजी प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त वजा करावा लागतो. भिंग अंतर्वक्र असेल तर वजाबाकीचा क्रम पुन्हा उलटतो. एका भिंगाच्या धड्यासाठी तीन सूत्रं, आणि कुठलं वापरायचं हे ठरवायला प्रतिमा कशी येणार ते आधीच माहीत हवं. म्हणजे जे शोधायचं तेच गृहीत धरायचं. चिन्हसंकेत या तिन्ही सूत्रांना एकात बसवतो :

1/v − 1/u = 1/f

इथे u वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय अंतर, आणि तिन्ही चिन्हासकट. विशालन m = v/u. उत्तर अधिक आलं तर प्रतिमा सुलट, उणे आलं तर उलट. आकड्याची किंमत एकापेक्षा जास्त असेल तर मोठी, कमी असेल तर लहान. प्रतिमा कशी येणार ते आधी ठरवायची गरज उरत नाही, सूत्रच ते सांगतं.

आता तो फोटो सोडवू. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू भिंगापासून १५ सेमीवर. प्रकाश डावीकडून उजवीकडे. वस्तूकडे जायला प्रकाशाच्या विरुद्ध जावं लागतं, म्हणून u = −15. नाभी प्रकाशाच्या दिशेने, म्हणून f = +10. आणि v? त्याला चिन्ह द्यायचंच नाही. जे माहीत नाही ते अक्षर जसंच्या तसं सूत्रात ठेवायचं. आकृतीत प्रतिमा उजवीकडे दिसते म्हणून काही मुलं v ला आधीच अधिक देतात, आभासी प्रतिमा दिसली की उणे देतात, आणि गणिताच्या शेवटी पुन्हा एक उणे निघतं. चिन्ह दोनदा लागलं की उत्तर बिघडतं.

1/v = 1/f + 1/u = 1/10 − 1/15 = 1/30

म्हणून v = +30 सेमी. प्रतिमा प्रकाशाच्या दिशेने, भिंगाच्या पलीकडे ३० सेमीवर. विशालन m = 30/(−15) = −2. प्रतिमा उलट आणि दुप्पट उंच. वस्तू २ सेमी उंच असेल, तर प्रतिमेची उंची −४ सेमी, म्हणजे अक्षाच्या खाली ४ सेमी.

‘मॅडम, विशालन उणे येतंय, चुकलं का?’ हा पुढचा मेसेज ठरलेला असतो. नाही, चुकलेलं नाही. ते उणे चिन्ह फोटोतला खाली गेलेला बाण सांगतंय.

खरी चूक वेगळ्या आकड्यातून कळते. याच गणिताचं उत्तर कुणी ६ सेमी पाठवलं, की u चं उणे कुठेतरी हरवलंय हे मी ओळखते. u ला +15 धरलं तर 1/v हे 1/10 + 1/15 म्हणजे 1/6 येतं. हल्ली व्हिडिओंतून शिकणाऱ्या मुलांकडून हाच ६ दुसऱ्या वाटेनेही येतो. काही परदेशी पुस्तकांत वास्तव अंतरं अधिक धरायची वेगळी पद्धत असते आणि तिथे सूत्र 1/u + 1/v = 1/f असं लिहितात. त्या पद्धतीत u = 15 घेतलं तर बरोबर ३० येतात. पण सूत्र त्यांचं आणि चिन्ह आपलं, म्हणजे u = −15, असं घातलं की पुन्हा ६. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, एका गणितात त्यांची सरमिसळ चालत नाही. आणि ६ हे उत्तर चुकलंय हे फोटोच सांगतो. त्या हिशेबाने प्रतिमा भिंग आणि नाभी यांच्या मध्ये यायला हवी, पण आकृतीत किरण तर दुप्पट नाभीय अंतराच्याही पलीकडे भेटलेले दिसतात.

आता फोटोकडे वळू, कारण किरण कुठे भेटले हे डोळ्यांना दिसलं तरी ते किती सेमीवर, हे फोटोतून वाचणं वाटतं तितकं सरळ नाही. मोबाइलच्या पडद्यावर किंवा प्रिंटवर पट्टी ठेवून मोजलं तर मिळतात ते फोटोतले मिलिमीटर. त्यांचे आकृतीतले सेमी करायला एक माहीत असलेली लांबी लागते. ती आकृतीतच लिहिलेली आहे : नाभीय अंतर १० सेमी. फोटोत भिंगापासून नाभी २९ मिमीवर असेल, तर २९ मिमी म्हणजे १० सेमी, बाकीचं त्रैराशिक.

समजा, त्या तिरप्या फोटोवर मी हे केलं. प्रकाशीय केंद्रापासून उजवीकडची नाभी २९ मिमी, वस्तू ४८ मिमी, प्रतिमा ८० मिमी. त्रैराशिकाने वस्तू साधारण साडेसोळा सेमीवर आणि प्रतिमा साडेसत्तावीस सेमीवर. अंतरांवरून विशालन ८० भागिले ४८, म्हणजे साधारण १.७. गणिताने आलेले २ कुठे आणि हे १.७ कुठे. पडताळा म्हणून उंच्या मोजाव्यात : वस्तूचा बाण १३ मिमी, प्रतिमेचा २१.५ मिमी. त्यांचंही गुणोत्तर साधारण १.७! अंतरांचा आणि उंचींचा मेळ बसला. सूत्रात हे आकडे घातले तर नाभीय अंतर १०.३ येतं, तेही दहाच्या जवळच. मग कुणालाही वाटेल की फोटो बरोबर आहे, वहीत वस्तूच १५ ऐवजी साडेसोळावर काढली असणार.

चूक इथेच लपते. वस्तूच्या टोकापासून निघून प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण सरळ जातो आणि प्रतिमेच्या टोकाला पोचतो. फोटोत सरळ रेषा सरळच राहते. वही डाव्या-उजव्या अंगाने तिरपी धरली, तरी वस्तूचा आणि प्रतिमेचा बाण फोटोत एकमेकांना समांतर, उभेच राहतात. म्हणजे भिंगाच्या दोन्ही बाजूंना जे दोन त्रिकोण तयार होतात ते फोटोतही समरूपच राहणार, फोटो कितीही तिरपा असो. त्यामुळे उंचींचं गुणोत्तर आणि अंतरांचं गुणोत्तर जुळलं याचा अर्थ फोटो सरळ आहे असा होत नाही. दोघांनाही एकाच तिरपेपणाने सारखंच फसवलेलं असतं. हा पडताळा आकृती काढताना हात चुकला का ते सांगतो, कॅमेरा चुकला का ते सांगत नाही.

कॅमेऱ्याची चूक पकडायची ती अक्षावरच्या ठिपक्यांवरून. चांगल्या आकृतीत भिंगाच्या दोन्ही बाजूंना नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराचे बिंदू दिलेले असतात. वहीत हे सगळे ठिपके सारख्या अंतरावर, दहा-दहा सेमीवर आहेत. फोटोत मात्र डावीकडून उजवीकडे मोजत गेलं तर त्यांच्यातली अंतरं येतात ३४, ३१, २९, २७ मिमी. ती क्रमाने कमी होत गेली आहेत. याचा अर्थ वहीची उजवी बाजू कॅमेऱ्यापासून लांब होती, आणि लांबचं लहान दिसलं. हात चुकला असता तर अंतरं एखाद्या ठिकाणी कमी, एखाद्या ठिकाणी जास्त झाली असती. एकाच दिशेने उतरत जाणं ही तिरप्या फोटोची खूण.

खूण कळली की दुरुस्ती सोपी आहे. सगळ्या फोटोला एकच प्रमाण लावायचं नाही, ज्या दोन ठिपक्यांमध्ये बिंदू पडतो तिथलंच प्रमाण वापरायचं. डावीकडची नाभी भिंगापासून ३१ मिमीवर, दुप्पट अंतराचा बिंदू ६५ मिमीवर. वस्तू ४८ मिमीवर, म्हणजे या दोहोंच्या बरोबर मध्ये. नाभी १० सेमीवर, पुढचा बिंदू २० सेमीवर, तेव्हा वस्तू १५ सेमीवर. प्रतिमा उजवीकडे दुप्पट अंतराच्या बिंदूच्याही पलीकडे आहे. तो बिंदू ५६ मिमीवर. अंतरांचा उतार पाहता पुढचे दहा सेमी फोटोत साधारण २५ मिमीचे असणार, आणि प्रतिमा ५६ च्या पुढे २४ मिमीवर आहे. म्हणजे प्रतिमा ३० सेमीच्या जवळपास. चिन्हं लावली की u = −15, v = +30, विशालन −2. गणित आणि फोटो आता एकच गोष्ट सांगतात, आणि वहीतली आकृती पहिल्यापासून बरोबरच होती.

आकृती आलेख कागदावर काढली असेल तर हेही करावं लागत नाही. पडद्यावर पट्टी न ठेवता चौकटी मोजाव्यात. वही तिरपी धरली म्हणून चौकटी लहान-मोठ्या दिसतील, पण भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या चौकटींची संख्या बदलत नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही. किरणाकृतीत आडवं आणि उभं प्रमाण सारखं असायची गरज नाही. अक्षावर १ सेमीला १० सेमी धरलं आणि उभं १ सेमीला १ सेमी धरलं तरी किरण त्याच ठिकाणी भेटतात. आकृती उभी ताणली तरी सरळ रेषा सरळच राहते, समांतर किरण समांतरच राहतो आणि नाभी अक्षावर असल्याने जागची हलत नाही. म्हणून फोटोतल्या उभ्या मिलिमीटरांना आडव्याचं प्रमाण लावू नये. वस्तू ‘२ सेमी उंच’ असं लिहिलं असेल, तर ती फोटोत किती मिमी आहे यावरून उभं प्रमाण वेगळं काढावं. विशालनाला तेही लागत नाही, कारण भागाकारात प्रमाण निघून जातं.

आता भिंगाच्या जागी आरसा आणू, कारण चिन्हांचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथे होतो. भिंगाच्या धड्यात मुलं शिकतात की v अधिक आलं की प्रतिमा वास्तव. हेच वाक्य ती आरशावर नेतात आणि उत्तर बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो. दाढी करायचा अंतर्वक्र आरसा घ्या, नाभीय अंतर १५ सेमी, चेहरा १० सेमीवर. आरशाची नाभी त्याच्यासमोर, म्हणजे ज्या बाजूने प्रकाश आला त्याच बाजूला. तिकडे जायला प्रकाशाच्या विरुद्ध जावं लागतं, म्हणून f = −15. चेहराही तिकडेच, u = −10. आरशाचं सूत्र 1/v + 1/u = 1/f, म्हणून

1/v = −1/15 + 1/10 = 1/30

v = +30 सेमी. आरशासाठी विशालन m = −v/u, म्हणजे −30/(−10) = +3. चेहरा सुलट आणि तिप्पट. आणि प्रतिमा? अधिक चिन्ह म्हणजे येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेने, आरशाच्या ३० सेमी मागे. आरशाच्या मागे प्रकाश पोचतच नाही, म्हणून ही प्रतिमा आभासी आहे.

म्हणजे चिन्ह प्रतिमा कोणत्या बाजूला आहे एवढंच सांगतं. वास्तव की आभासी हे ठरतं ते प्रकाश भिंगाला किंवा आरशाला भेटून कोणत्या बाजूला जातो यावर. भिंगातून तो पुढे जातो, म्हणून पुढची, अधिक बाजू वास्तव प्रतिमेची. आरशावरून तो मागे फिरतो, म्हणून वास्तव प्रतिमेची बाजू उणे. दोन्हींच्या सूत्रांतला आणि विशालनातला चिन्हांचा फरकही प्रकाश मागे फिरण्यातूनच येतो. रिक्षाच्या किंवा दुचाकीच्या बाजूच्या बहिर्वक्र आरशात नाभी आरशाच्या मागे, f अधिक. समजा नाभीय अंतर १०० सेमी आणि मागचा माणूस ३०० सेमीवर. मग 1/v = 1/100 + 1/300, म्हणजे v = +75 सेमी. विशालन +0.25. सुलट, पाव आकाराची, आरशामागची आभासी प्रतिमा. वस्तू कितीही अंतरावर असली तरी या आरशात v नेहमी अधिक आणि विशालन नेहमी अधिक व एकाहून लहानच येतं.

फोटोत आभासी प्रतिमा ओळखताना आणखी एक अडचण येते. आभासी प्रतिमेकडे जाणाऱ्या रेषा तुटक काढतात, कारण तिकडे प्रकाश जात नाही, आपण किरण फक्त मागे वाढवलेले असतात. पण हलक्या पेन्सिलीच्या या तुटक रेषा व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो लहान झाला की विरून जातात, किंवा अखंड दिसू लागतात. तेव्हा रेषांच्या प्रकाराकडे न पाहता किरण पाहावेत. भिंगानंतर पुढे गेलेले किरण एकमेकांपासून दूर जात असतील, तर त्या बाजूला ते कधीच भेटणार नाहीत. त्यांची भेट असलीच तर मागे, आणि ती आभासी. आरशाचा फोटो असेल तर आधी आरशाची मागची बाजू ठरवावी. मुलं ती तिरक्या बारीक रेघांनी दाखवतात. त्या रेघा विरल्या असतील, तर वस्तू ज्या बाजूला आहे तीच आरशाची चकचकीत बाजू.

अंतर्वक्र भिंगाचा फोटो आला की वरचंच गणित फक्त एका चिन्हाने बदलून करून पाहावं. u = −15 तसंच, f मात्र −10. मग 1/v = −1/10 − 1/15 = −1/6, v = −6 सेमी, विशालन (−6)/(−15) म्हणजे +0.4. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, भिंग आणि नाभीच्या मध्ये, सुलट आणि लहान. f चं उणे विसरलं तर उत्तर ३० येतं आणि प्रतिमा भिंगापलीकडे जाते. पण फोटोतले किरण तर भिंगानंतर पसरताना दिसतात. पसरणाऱ्या किरणांची वास्तव प्रतिमा पलीकडे येऊच शकत नाही, तेव्हा चूक कागदावर शोधावी.

शेवटची अडचण आरशाच्या आकृतीतलीच आहे, आणि तिचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. ही सगळी सूत्रं अक्षाच्या अगदी जवळून जाणाऱ्या किरणांसाठी आहेत. कंपासने काढलेला आरसा मात्र खराखुरा वर्तुळाचा तुकडा असतो आणि त्यावर मुलं बाण भलताच उंच काढतात. वक्रता त्रिज्या २० सेमी, म्हणजे नाभीय अंतर १० सेमी, असा आरसा घेऊ. अक्षापासून ५ सेमी उंचीवर समांतर आलेला किरण परावर्तनाच्या नियमाने नेटका काढला, तर तो अक्षाला ध्रुवापासून १० सेमीवर छेदत नाही. तो छेदतो साधारण ९.७ सेमीवर. उंची २ सेमी ठेवली तर ९.९५ सेमीवर, म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीच्या टोकाचीच जाडी तेवढी असते. उंच बाणाच्या आकृतीत मग तीन किरण एका बिंदूत न भेटता छोटा त्रिकोण करतात, आणि मुलगा पट्टी हलली म्हणून आकृती खोडून पुन्हा काढत बसतो. पुन्हा काढली तरी तो त्रिकोण राहणारच.

त्यावर उपाय असा : आरशाच्या ध्रुवातून अक्षाला लंब एक उभी रेषा काढायची आणि किरण वक्र रेषेवर न वळवता त्या उभ्या रेषेवर वळवायचे. वक्र तुकडा फक्त आरसा अंतर्वक्र की बहिर्वक्र हे दाखवायला ठेवायचा. भिंगाच्या आकृतीतही किरण काचेच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागावर दोनदा वळवण्याऐवजी मधल्या रेषेवर एकदाच वळवायचे. अशा आकृतीत बाण उंच असला तरी सगळे किरण एकाच बिंदूत भेटतात आणि तो बिंदू सूत्राने काढलेल्या जागीच येतो. फोटो काढताना वही टेबलावर सपाट ठेवून मोबाइल बरोबर वर आडवा धरावा, प्रकाशीय केंद्र चौकटीच्या मधोमध आणावं, आणि पाठवण्याआधी दोन्ही नाभींची अंतरं सारखी दिसतात का ते एकदा पाहून घ्यावं.